न दिसणारं वस्तुमान की चुकलेला नियम?

प्रश्न: एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका व्याख्यानात ऐकलं की एकाच पुराव्याला अनेक सिद्धान्त बसवता येतात, त्यामुळे पुरावा कधीच एक सिद्धान्त पक्का करत नाही. दीर्घिकांच्या फिरण्याला डार्क मॅटरही बसतं आणि मॉन्डही. मग बहुतेक शास्त्रज्ञ डार्क मॅटर धरून बसलेत ते कशाच्या जोरावर? शेवटी ही बहुमताचीच गोष्ट ना?

उत्तर:

ज्या आलेखांवर हा वाद उभा आहे, तसले आलेख काढण्यात माझी बरीच वर्षं गेली. म्हणून तत्त्वज्ञानाच्या दारातून न येता आलेखाच्याच दारातून येतो.

सप्तर्षींच्या भागात एनजीसी ३१९८ नावाची एक चक्राकार दीर्घिका आहे. तिच्यातला हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झला रेडिओलहरी सोडतो. आपल्या खोडदच्या जीएमआरटीसारख्या दुर्बिणीने दीर्घिकेच्या एकेका भागातून येणारी ही रेषा पाहिली, तर एका बाजूची थोडी खाली सरकलेली दिसते आणि दुसऱ्या बाजूची थोडी वर. हे सरकणं म्हणजे वेग. दीर्घिका आपल्याकडे तिरकी आहे, म्हणून त्या तिरकेपणाचा हिशोब करून खरा फिरण्याचा वेग काढायचा. केंद्रापासूनचं अंतर आडव्या अक्षावर, वेग उभ्या अक्षावर, झाला रोटेशन कर्व्ह तयार. एनजीसी ३१९८मध्ये हा वेग सुरुवातीला चढतो आणि मग सेकंदाला सुमारे १५० किलोमीटरवर सपाट होतो तो सपाटच राहतो. १९८५ साली व्हॅन अल्बाडा आणि सहकाऱ्यांनी तो केंद्रापासून ३० किलोपार्सेकपर्यंत, म्हणजे जवळजवळ एक लाख प्रकाशवर्षांपर्यंत नेला. तारे त्याच्या कितीतरी आधीच विरळ होत संपलेले असतात. न्यूटनच्या हिशोबाने तिथे वेग उतरायला हवा, जसा सूर्यापासून दूर जाताना ग्रहांचा उतरतो. तो उतरत नाही.

आता हे दोन्ही पक्षांच्या हिशोबाने सोडवू. गणित पोस्टकार्डावर मावेल एवढंच आहे.

पहिला पक्ष म्हणतो, नियम बरोबर आहे, वस्तुमान कमी मोजलंय. न्यूटनप्रमाणे आतलं वस्तुमान M = v²r/G. वेग १५० किमी, त्रिज्या ३० किलोपार्सेक घातली की उत्तर येतं सुमारे १५,००० कोटी सूर्य. तारे आणि वायू यांचं वस्तुमान कितीही सढळ हाताने धरलं तरी त्याच्या पाव हिश्शाच्या पुढे जात नाही. उरलेलं तीनचतुर्थांश आपल्याला दिसत नाही, ते डार्क मॅटर, म्हणजेच कृष्णद्रव्य.

दुसरा पक्ष म्हणजे मॉर्डेहाय मिलग्रोम यांनी १९८३ साली मांडलेला मॉन्ड. तो म्हणतो, वस्तुमान दिसतंय तेवढंच आहे, पण त्वरण फारच कमी झालं की न्यूटनचा नियम तसाच राहत नाही. ‘फारच कमी’ म्हणजे a₀ = 1.2 × 10⁻¹⁰ m/s² याच्या खाली. एनजीसी ३१९८च्या टोकाला त्वरण याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकं आहे, म्हणजे आपण त्या हद्दीत आहोत. तिथे मॉन्डचं सूत्र होतं v⁴ = GMa₀. त्रिज्या सूत्रात उरतच नाही, म्हणून वेग सपाट. १५० किमी घाला, वस्तुमान येतं साधारण ३,२०० कोटी सूर्य. म्हणजे ताऱ्यांचं आणि वायूचं मिळून जेवढं मोजलं जात होतं, त्याच्या आसपास.

दोन्ही उत्तरं त्याच बिंदूंवरून जातात. मी स्वतः अशा डझनावारी दीर्घिकांवर दोन्ही मॉडेलं चालवली आहेत आणि बहुतेक वेळा नुसता आलेख पाहून कोणतं कोणाचं ते मला सांगता आलेलं नाही. तुमच्या व्याख्यात्यांनी सांगितलं ते इथपर्यंत अगदी खरं आहे.

उलट ही गोष्ट त्यांनी सांगितली त्यापेक्षा वाईट आहे. डार्क मॅटरच्या पक्षात शिरल्यावरसुद्धा एकाच आलेखाला एक उत्तर नसतं. दीर्घिकेचा प्रकाश मोजता येतो, पण एका सूर्याइतक्या प्रकाशामागे वस्तुमान किती हा आकडा ताऱ्यांच्या वयावर आणि जातकुळीवर ठरतो, आणि त्यात दीडपट-दुप्पट इकडेतिकडे करायला वाव असतो. ताऱ्यांची तबकडी जड धरा, तिच्याभोवतीचं कृष्णद्रव्याचं आवरण हलकं धरा, आलेख बसतो. तबकडी हलकी धरा, आवरण जड आणि केंद्राकडे दाट धरा, तरी बसतो. १९८५च्या त्या कामात लेखकांनी तबकडी शक्य तितकी जड धरूनही कृष्णद्रव्य लागतंच, एवढाच निष्कर्ष प्रामाणिकपणे काढला होता. ‘किती’ हे आलेखाने ठरवलं नाही, ‘निदान एवढं’ हेच ठरवलं. नवीन विद्यार्थी इथे हमखास फसतात. संगणकाने काढलेल्या रेषेची जुळणी सुंदर आली की त्यांना वाटतं आवरणाची घनता मोजली. ती मोजलेली नसते, निवडलेली असते. तपासायचं असेल तर ताऱ्यांचा तो आकडा मुद्दाम बदलून पुन्हा जुळणी करा. जुळणी तितकीच चांगली राहिली आणि घनता मात्र दुप्पट झाली, तर समजा की आलेखाला ती घनता माहीतच नव्हती.

मग निवड होते कशी? या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात स्पष्ट दिसतं ते एका जुन्या जोडगोष्टीत, कारण हाच पेच तिथे दोनदा आला आणि दोनदा उलट सुटला.

युरेनस १७८१ साली सापडला. १८२१ मध्ये बुव्हार यांनी त्याची कोष्टकं केली तेव्हा जुन्या आणि नव्या नोंदी एका कक्षेत बसेनात, आणि पुढच्या वीस वर्षांत ग्रह कोष्टकापासून आणखी भरकटत गेला. तेव्हाही दोनच वाटा होत्या. एक तर बाहेर कुणीतरी न दिसणारं त्याला ओढतंय, नाहीतर इतक्या लांबवर गुरुत्वाकर्षणाचा नियमच किंचित वेगळा आहे. दुसरी शंका कुणा हौशी माणसाची नव्हती, ग्रीनिचच्या वेधशाळेचे प्रमुख एअरी यांच्याही मनात ती होती. ल व्हेरिए यांनी पहिली वाट धरून अज्ञात ग्रहाची जागा काढली आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनला गाल यांनी त्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून पाहिला.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती पाठ्यपुस्तकात सहसा नसते. ल व्हेरिए यांची कक्षा चुकलेली होती. त्यांनी ग्रह सूर्यापासून पृथ्वीच्या ३६ पट अंतरावर ठेवला होता, खरा तो ३० पट अंतरावर निघाला. लांबचा जड ग्रह आणि जवळचा हलका ग्रह त्या काही दशकांत युरेनसला जवळपास सारखंच ओढतात, म्हणून दोन्ही जुळतात. युरेनसच्या नोंदी अंतर ठरवू शकत नव्हत्या, फक्त दिशा ठरवू शकत होत्या. मग अंतर आणि वस्तुमान कुणी ठरवलं? नेपच्यूनच्या शोधानंतर तीन आठवड्यांच्या आतच लॅसेल यांना त्याचा उपग्रह ट्रायटन दिसला, आणि उपग्रहाच्या फेऱ्यांवरून ग्रहाचं वजन सरळ निघालं. सगळा निर्णय इथे आहे. ज्या नोंदींसाठी ग्रह कल्पिला होता, त्यांच्याशी काहीही संबंध नसलेल्या मार्गाने तो पुन्हा भेटला. आधी डोळ्याला, मग उपग्रहाच्या हिशोबात.

आता बुध. त्याच ल व्हेरिए यांनी १८५९ साली दाखवलं की बुधाचा उपसूर्य बिंदू, म्हणजे कक्षेतला सूर्याच्या सगळ्यात जवळचा बिंदू, सगळ्या ग्रहांची ओढ वजा करूनही शतकाला ३८ विकला जास्त सरकतो. विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग. न्यूकोम यांनी १८८२ मध्ये तो आकडा ४३ केला. ल व्हेरिए यांनी साहजिकच तोच डाव खेळला, की बुधाच्या आत आणखी एक ग्रह असणार. त्याला नाव मिळालं व्हल्कन. एका फ्रेंच गावातल्या डॉक्टरने सूर्यबिंबावर ठिपका पाहिल्याचं सांगितलं, १८७८च्या खग्रास ग्रहणात दोन अमेरिकी निरीक्षकांनी तो दिसल्याचा दावा केला. पण एका वेळेचा वेध दुसऱ्या वेळेच्या वेधाशी कक्षेत बसत नव्हता. एखादी वस्तू खरी आहे की नाही हे ओळखायची ही साधी खूण आहे. खरी वस्तू जितकी जास्त मोजावी तितकी तिची कक्षा आवळत जाते. व्हल्कनची दर दाव्याबरोबर सैल होत गेली.

मग दुसरा डाव आला. १८९४ साली असाफ हॉल यांनी सुचवलं की गुरुत्वाकर्षणाच्या व्यस्त वर्गाच्या नियमातला घातांक २ नसून २.००००००१६ आहे. हसू येतं, पण आकडा बरोबर निवडलेला आहे. असा नियम दर फेरीला कक्षेचा अक्ष साधारण ०.१ विकला फिरवतो, बुध शतकात ४१५ फेऱ्या मारतो, गुणाकार सुमारे ४२. न्यूकोम यांनी आपल्या कोष्टकांसाठी हा घातांक तात्पुरता स्वीकारलासुद्धा. बुधाच्या पुराव्यापुरतं बोलायचं तर व्हल्कन आणि हॉल यांचा घातांक यांच्यात निवड करता येत नव्हती.

तो निकाल लागला चंद्रावर. हॉल यांच्या नियमात ‘दर फेरीला’ होणारा फरक अंतरावर अवलंबून नाही, म्हणजे पृथ्वीभोवती फिरणाऱ्या चंद्रालाही तोच भरावा लागणार. चंद्र शतकात सुमारे १,३३६ फेऱ्या मारतो. दर फेरीला ०.१ विकला धरली तर त्याचा जवळचा बिंदू शतकाला सव्वाशेच्या वर विकला जादा सरकायला हवा. ब्राऊन यांनी चंद्राच्या गतीचं अत्यंत चिवट गणित पुरं करत आणलं होतं, आणि १९०३च्या सुमारास स्पष्ट झालं की त्यात एवढ्या जादा सरकण्याला जागाच नाही. बुधापाशी जे दोन सिद्धान्त जुळे भाऊ होते, त्यांतला एक चंद्रापाशी उघडा पडला.

आणि शेवटी दोन्ही चुकीचे निघाले. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या नव्या समीकरणांतून ४३ विकला निघाल्या, आणि त्यासाठी फिरवायला एकही खुंटी नव्हती. हॉल यांच्याकडे घातांकाची खुंटी होती. बुधाचं सरकणं २० विकला असतं तर तीही बसली असती, ६० असतं तरी बसली असती. आइन्स्टाइनना ४३ ऐवजी दुसरं काही मोजलं गेलं असतं तर पळवाट नव्हती. ‘साधेपणा’ हा शब्द निवडीच्या चर्चेत फार सैल वापरला जातो. सामान्य सापेक्षता साधी अजिबात नाही, तिची समीकरणं सोडवताना घाम फुटतो. तिच्यात नव्हती ती सोय. दोन सिद्धान्त सारखेच जुळतात तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो: यांतला कोण न जुळण्याचा धोका पत्करत होता? ज्याला धोका नव्हता, त्याच्या जुळण्याला फारसं मोल नाही.

यातून एक अस्वस्थ करणारी गोष्टही निघते, आणि ती झाकून ठेवू नये. १८९५ साली कुणी सगळ्या पर्यायांची यादी केली असती, तर तीत व्हल्कन असता, सूर्याजवळची धूळ असती, हॉल यांचा घातांक असता. बरोबर उत्तर यादीत नसतंच. त्यामुळे ‘उपलब्ध सिद्धान्तांत हा सर्वांत चांगला’ आणि ‘हा खरा’ ही दोन वेगळी विधानं आहेत. काम करणारा शास्त्रज्ञ पहिलं छातीठोकपणे म्हणू शकतो. दुसरं म्हणताना जरा अडखळायला हवं.

आता परत डार्क मॅटर आणि मॉन्डकडे. वर मी सांगितलं की एका दीर्घिकेच्या आलेखात दोघं सारखे. पण चंद्राची युक्ती इथेही चालते: गृहीत ज्या जागेसाठी केलं, तिथून त्याला बाहेर काढा आणि दुसरीकडे उभं करा.

पहिली जागा दीर्घिकांचे समूह. तिथे मॉन्ड लावूनही दिसणारं वस्तुमान पुरत नाही, साधारण दुपटीची तूट राहते. २००६ मध्ये बुलेट क्लस्टरची मोजणी आली. दोन समूह एकमेकांत घुसून पलीकडे निघालेत. त्यांच्यातला तप्त वायू, जो साध्या द्रव्याचा मोठा हिस्सा आहे, धडकेने मध्ये अडकून राहिला आणि क्ष-किरणांत तिथेच दिसतो. पण मागच्या दीर्घिकांचा प्रकाश किती वाकतो यावरून वस्तुमान शोधलं तर ते मध्ये नाही, दोन बाजूंना आहे, जिथे न धडकणाऱ्या दीर्घिका पोचल्या. यावर मॉन्डवाले म्हणतात, समूहांत थोडं न दिसणारं द्रव्य, समजा न्यूट्रिनो, आम्हीही धरू. धरता येतं. पण मग ‘न दिसणारं काहीच नको’ हा जो त्यांच्या मालाचा खरा भाव होता, तो उतरला.

दुसरी जागा विश्वाची पार्श्वभूमी प्रारणं, म्हणजे विश्वाच्या बालपणापासून उरलेला प्रकाश. त्यांच्या तापमानातले बारीक चढउतार कोनाच्या मापाने मांडले की एकामागून एक शिखरं दिसतात. कृष्णद्रव्य नसतं तर तिसरं शिखर दुसऱ्याच्या मानाने बरंच खुजं असायला हवं होतं. मोजलेलं तिसरं खुजं नाही. या शिखरांवरून साधं द्रव्य किती आणि कृष्णद्रव्य किती हे वेगवेगळं निघतं, कृष्णद्रव्य साध्याच्या पाचपटीहून थोडं जास्त. आणि साध्या द्रव्याचा जो आकडा इथून येतो, तोच आकडा विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत तयार झालेल्या ड्युटेरियमच्या प्रमाणावरूनही येतो. दीर्घिकेचं फिरणं, प्रकाशाचं वाकणं आणि विश्वाच्या बालपणातले चढउतार या तिघांनी एकमेकांशी संगनमत केलेलं नाही. माझ्यासारखे लोक कृष्णद्रव्य ‘धरून बसतात’ ते रोटेशन कर्व्हमुळे नाही, या तिघांच्या साक्षी जुळतात म्हणून. हात वर करून मोजलेलं बहुमत ते नाही.

मॉन्डची गोची ही की मूळ मॉन्ड प्रकाशाबद्दल आणि विश्वाबद्दल काही बोलूच शकत नव्हता, कारण तो सापेक्षतेत बसवलेला नव्हता. बेकेनस्टाइन यांनी २००४ मध्ये त्याचं सापेक्ष रूप दिलं. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे धडकले, गुरुत्वीय लहरी आल्या आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले, तेसुद्धा सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं चालून. दोघांचा वेग इतका तंतोतंत सारखा असणं त्या मूळ रूपाला परवडत नव्हतं, ते बाद झालं. २०२१ मध्ये स्कोर्डिस आणि झ्लोश्निक यांनी नवं रूप दिलं, त्यात लहरींचा वेगही बसतो आणि पार्श्वभूमीची शिखरंही. पण शिखरं बसवण्यासाठी त्यात एक क्षेत्र आहे, आणि विश्वाच्या मापावर ते क्षेत्र थेट थंड धुळीसारखं वागतं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला म्हटलं, ‘अहो, हे कृष्णद्रव्यच आहे की, फक्त आडनाव बदललंय.’ तो म्हणाला, ‘मग तुम्ही त्याला विरोध कशाला करताय?’ यावर माझ्याकडे आजही नीट उत्तर नाही. कधी कधी दोन सिद्धान्त सगळ्या पुराव्याला बसतात ते यासाठी की ते जवळ सरकत सरकत एकच होत चाललेले असतात.

आपल्याकडे नारळीकरांच्या निमित्ताने अशाच एका वादाचं नाव अनेकांना माहीत असतं. हॉयल, बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ मध्ये अर्ध-स्थिर विश्वाचं मॉडेल मांडलं. त्यात महास्फोट नाही, आणि पार्श्वभूमी प्रारणांचं कारण म्हणजे ताऱ्यांचा प्रकाश, जो लोखंडाच्या सुईसारख्या सूक्ष्म कणांनी शोषून पुन्हा पसरवला. तापमानाचा आकडा यातून खरंच निघत होता, आणि ज्यांनी तो चेष्टेवारी नेला त्यांनी गणित वाचलेलं नव्हतं. अडचण पुढे आली. शिखरांची ओळ महास्फोटाच्या मॉडेलने मोजणीआधी सांगितली होती, या मॉडेलला ती नंतर समजावून सांगावी लागली. दोन्ही जुळण्या आलेखावर सारख्या दिसू शकतात, पण त्यांचं वजन सारखं नसतं.

आता न्यायासाठी दुसरी बाजू, कारण ‘आधी सांगितलं’ या कसोटीवर मॉन्डच्या खात्यात मोठी जमा आहे. १९८३ साली मिलग्रोम यांनी लिहिलं होतं की अतिशय विरळ, अंधुक दीर्घिकांत त्वरण सगळीकडेच a₀ च्या खाली असेल, म्हणून न्यूटनच्या हिशोबाने त्यांच्यात वस्तुमानाची तूट केंद्रापासूनच दिसेल. तेव्हा अशा दीर्घिकांचे आलेख जवळजवळ नव्हते. नव्वदीच्या दशकात ते आले, आणि तसेच आले. २०१६ मध्ये मॅकगॉ, लेली आणि शॉम्बर्ट यांनी १५३ दीर्घिका एकत्र मांडल्या: नुसत्या दिसणाऱ्या द्रव्यावरून अपेक्षित त्वरण एका अक्षावर, मोजलेलं दुसऱ्यावर. सगळे बिंदू एकाच रेषेवर, आणि पसरटपणा इतका कमी की मोजणीच्या चुकांनीच तो बहुतेक भरून निघतो. कृष्णद्रव्याच्या चित्रात प्रत्येक दीर्घिकेचं आवरण वेगळ्या इतिहासाने घडलेलं, तरी ते दिसणाऱ्या द्रव्याच्या इतक्या तालावर का नाचतं? संगणकावरची सिम्युलेशनं ही रेषा बरीचशी काढून दाखवतात, पण ताऱ्यांच्या स्फोटांनी वायू कसा ढवळतो याच्या बऱ्याच खुंट्या त्यांत आहेत. ज्या सिद्धान्ताच्या बाजूने मी आहे, त्यात मला सगळ्यात जास्त खुपणारी जागा हीच. शिवाय जमिनीखाली टनावारी द्रव झेनॉन भरून वर्षानुवर्षं वाट पाहिली तरी कृष्णद्रव्याचा एक कणही अजून पकडला गेलेला नाही. नेपच्यून दुर्बिणीतून दिसला होता. इथे ते अजून व्हायचंय.

एनजीसी ३१९८ मात्र मॉन्डलाही त्रास देते, आणि तो त्रास शिकण्यासारखा आहे. १९८५ मध्ये तिचं अंतर सुमारे ९ मेगापार्सेक धरलं होतं. पुढे तिच्यातल्या सेफीड या ठरावीक लयीत उजळ-मंद होणाऱ्या ताऱ्यांवरून ते १३.८ आलं. अंतर वाढलं की त्याच प्रकाशामागचं वस्तुमान वर्गाने वाढतं, म्हणजे दुपटीहून जास्त. पण मॉन्डच्या सूत्रात त्रिज्या नाही, त्याला अजूनही ३,२०० कोटी सूर्यच हवेत. ताऱ्यांचा आकडा खाली ओढून काही जमतं, वायूचा ओढता येत नाही, तो थेट मोजलेला असतो. मग मॉन्डवाल्यांना अंतर थोडं कमी असावं असं म्हणावं लागतं. ‘पुराव्याविरुद्ध गेलं तर सोबतचं गृहीत बदला’ ही पळवाट कायम उघडी असते असं तत्त्वज्ञ म्हणतात, ते बरोबर आहे. पण पळवाटेला भाडं असतं. अंतर ही मॉन्डची खासगी मालमत्ता नाही. सेफीड मोजणारी माणसं वेगळी, त्यांच्या चुकीच्या मर्यादा वेगळ्या, आणि त्यांनी तो आकडा या वादाकडे न पाहता काढलेला. त्या मर्यादेच्या आत सरकलात तर ठीक, बाहेर गेलात तर दिसून येतं. एकेका दीर्घिकेसाठी वेगळं अंतर, वेगळा तिरकेपणा, वेगळा ताऱ्यांचा आकडा लागायला लागला की कुठलाही संपादक भुवया उंचावतो.

बहुमताबद्दल एवढंच: लोक कुठे काम करतात हे खऱ्याखोट्याचं मतदान नसतं. संशोधकाला तीन वर्षांत प्रबंध द्यायचा असतो, आणि कृष्णद्रव्य धरलं की गणना करण्याजोगे प्रश्न जास्त मिळतात. हा गुण आहेच, पण तो सिद्धान्त खरा असण्याचा पुरावा नाही. जगभर मॉन्डवर काम करणारे मोजके लोक आहेत ते बरं आहे, कारण १५३ दीर्घिकांची ती रेषा त्यांच्याचमुळे सगळ्यांना बघावी लागली.

तुम्हाला जिवंत उदाहरण बघायचं असेल तर सध्या दुहेरी ताऱ्यांचं बघा. सूर्यासारख्या ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण ७,००० पट दूर गेलं की त्वरण a₀ इतकं उतरतं. इतक्या लांबून एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्या गाइया उपग्रहाने हजारोंनी मोजल्या आहेत. तेवढ्या जागेत मावणारं कृष्णद्रव्य पृथ्वीच्या वस्तुमानापेक्षाही कमी, म्हणजे त्या पक्षाच्या मते इथे न्यूटनच चालणार. मॉन्डच्या मते, आकाशगंगेची स्वतःची ओढ जमेस धरूनही, वेग वीसेक टक्के जास्त दिसायला हवा. दोन्ही पक्षांना इथे पळवाट नाही. २०२३ मध्ये कोरियातल्या छे यांनी गाइयाच्या नोंदींवरून सांगितलं की फरक दिसतो. त्याच वर्षी बनिक आणि सहकाऱ्यांनी त्याच उपग्रहाच्या नोंदींवरून सांगितलं की अजिबात दिसत नाही. भांडण आहे ते गुरुत्वाकर्षणाचं नाही, तिसऱ्या ताऱ्याचं. जोडीतल्या एकाला चिकटून आणखी एक अंधुक तारा असेल तर तो वेग वाढवतो, आणि तो मॉन्डसारखा दिसतो. अशा किती जोड्या असतील आणि कोणत्या गाळायच्या, यावर दोघांची उत्तरं फिरतात. आता जोड्या एकेक करून तपासाव्या लागणार, प्रत्येक ताऱ्याचा आपल्या दिशेचा वेग वर्षानुवर्षं मोजून, तिसरा लपलेला आहे का ते बघत.